लिहिता हात दुखावलाय आणि वार्षिक परीक्षा तोंडावर : लेखनिक व जादा वेळेसाठी शाळेला पत्र – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत मी परीक्षा विभागाचं काम पाहते. संक्रांत झाली की अशी पत्रं यायला लागतात. कुणी पतंगाच्या मागे धावताना गच्चीवर पडून मनगट मोडलेलं, कुणाचं बोट मांज्यानं कापलेलं. पालक धास्तावलेले असतात, त्यामुळे पत्रात काळजी भरपूर असते आणि नेमकी हवी ती माहिती नसते. मग मुख्याध्यापक विचारतात, "यांना नक्की हवंय काय?"

इथे एकच उदाहरण धरून सगळं सांगते. नववीतला मुलगा, उजव्या हातानं लिहिणारा. १४ जानेवारीला मांजा ओढला गेला आणि तर्जनी व मधल्या बोटाचे टेंडन, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, कापल्या गेल्या. १५ जानेवारीला शस्त्रक्रिया झाली. वार्षिक परीक्षा ८ एप्रिलपासून. हाड मोडल्याची प्रकरणं त्या मानानं सोपी असतात, कारण प्लॅस्टर सगळ्यांना दिसतं. टेंडनच्या प्रकरणात परीक्षेच्या वेळी हातावर काहीच दिसत नाही, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

स्प्लिंट निघालंय, बोटं हलतायत. तरी लेखनिक मागायचा?

मागायचा, पण डॉक्टरांच्या लेखी सांगण्याच्या आधारावर.

टेंडन शिवल्यावर साधारण सहा आठवडे हात स्प्लिंटमध्ये असतो. आपल्या उदाहरणात ते २६ फेब्रुवारीला निघालं. त्याचा अर्थ टेंडन पूर्ण जुळला असा नाही. स्प्लिंट निघाल्यावरही जोर लावून पकडायला, वजन उचलायला मनाई असते आणि पूर्ण ताकदीची कामं साधारण बारा आठवड्यांनंतरच सुरू होतात. शस्त्रक्रियेपासून बारा आठवडे मोजले तर तारीख येते ९ एप्रिल. परीक्षा ८ एप्रिलला सुरू. म्हणजे कागदावर मुलगा जवळजवळ बरा, आणि प्रत्यक्षात ज्या बोटांनी पेन चिमटीत धरायचं त्याच बोटांनी गेले तीन महिने काही केलेलं नाही.

बारा आठवड्यांनी परवानगी मिळते ती जोर लावायला सुरुवात करण्याची. तीन तास सलग लिहिण्याचा दम त्या दिवशी आपोआप येत नाही. बोट आखडलेलं असतं, पूर्ण मिटत नाही, मग मूल पेन अंगठ्याच्या मुळाशी दाबून धरतं आणि पाच-दहा मिनिटांत अंगठा भरून येतो. घरी बघायचं असेल तर डॉक्टरांनी लिहायला परवानगी दिल्यानंतरच, त्यांनी सांगितलेल्या वेळेपुरतं, एक उतारा लिहायला द्या. शेवटच्या ओळीतलं अक्षर पहिल्या ओळीपेक्षा मोठं, वाकडं झालंय का, आणि लिहून झाल्यावर मूल हात झटकतंय का, हे बघा. तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. "हात दुखतो" या वाक्यापेक्षा त्या कागदावरून त्यांना जास्त कळतं.

लेखनिक आणि जादा वेळ, दोन्ही एकदम मागितलं तर जास्त मागितल्यासारखं वाटेल का?

हा संकोच बहुतेक पालकांना असतो. मग ते पत्रात "लेखनिक किंवा जादा वेळ द्यावा" असं लिहितात. हे "किंवा" महागात पडतं. शाळा त्यातलं सोपं ते देते, म्हणजे जादा वेळ.

ज्याचा हात हळू चालतो पण चालतो, त्याला जादा वेळेचा उपयोग. ज्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त लिहायचीच मनाई आहे, त्याला तासभर जास्त दिला तर तो तासभर जास्त हात वापरेल, म्हणजे नुकसानच. त्याची गरज लेखनिकाची आहे.

पण लेखनिक दिला आणि वेळ वाढवला नाही, तरी मूल मागे पडतं. एरवी लिहिता लिहिता मुलाचं पुढचं वाक्य तयार होत असतं. लेखनिक असला की आधी वाक्य मनात जुळवायचं, मग सांगायचं, समोरच्यानं लिहीपर्यंत थांबायचं, "पाचर नाही रे, पाझर" असं दुरुस्त करायचं, आणि शेवटी त्याच्या अक्षरातलं आपलं उत्तर वाचून बघायचं. हा सगळा वेळ पेपरातूनच जातो. म्हणून जादा वेळ ही लेखनिकाच्या जोडीला येणारी गरज आहे, वेगळी सवलत नव्हे. पत्रात दोन्ही मागण्या वेगळ्या क्रमांकानं लिहा आणि प्रत्येकीचं कारण तिच्याच ओळीत द्या.

किती वेळ मागायचा?

तासाला वीस मिनिटं. केंद्र सरकारनं २०१८ साली दिव्यांग परीक्षार्थींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात लेखनिक घेणाऱ्यांना तासाला किमान वीस मिनिटं भरपाईचा वेळ सांगितला आहे. तुमचं मूल दिव्यांगांच्या व्याख्येत बसेलच असं नाही, पण शाळेपुढे ठेवायला हे प्रमाण सगळ्यांना माहीत असलेलं आणि वाजवी आहे. तीन तासांच्या ८० गुणांच्या भाषेच्या पेपरला एक तास होतो. गणित किंवा विज्ञान भाग एक, दोन असे ४० गुणांचे दोन तासांचे पेपर असतात, त्यांना चाळीस मिनिटं होतात.

"शक्य तितका जास्त वेळ द्यावा" असं कृपा करून लिहू नका. पर्यवेक्षकाला किती वाजता उत्तरपत्रिका घ्यायची ते ठरवावं लागतं. पेपर अकराला सुरू होऊन दोनला संपणार असेल तर तीन वाजेपर्यंत, असं थेट घड्याळात सांगितलेलं बरं. त्यात आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा : चार तास एका जागी बसणं मुलालाही जड जातं आणि लेखनिकालाही. पाण्याची बाटली, मधे दोन मिनिटं उठायची मुभा, हे तोंडी बोलून घ्या, पत्रात नको.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे, तरी शाळा म्हणते पुरेसं नाही. का?

बहुतेक वेळा त्यात निदान आणि "विश्रांतीचा सल्ला" एवढंच असतं. ते नोकरदार माणसाच्या रजेसाठीचं प्रमाणपत्र झालं. शाळेनं ते वाचलं की पहिला प्रश्न येतो, विश्रांती सांगितलीय तर मुलगा परीक्षेला का बसतोय? एका प्रकरणात कारकुनानं त्यावरून मुलाची वैद्यकीय रजाच लावून टाकली होती आणि आईला ते हजेरी बघायला गेल्यावर कळलं.

प्रमाणपत्रात लिहिण्याबद्दल बोललं गेलं पाहिजे. डॉक्टरांना गर्दीत हे सुचेलच असं नाही, म्हणून तुम्ही एका चिठ्ठीवर मुद्दे लिहून न्या. कोणता हात, आणि मूल त्याच हातानं लिहितं हे. दुखापतीची आणि शस्त्रक्रियेची तारीख. मूल शाळेत येऊ शकतं, परीक्षेला बसू शकतं. उजव्या हातानं सलग किती मिनिटं लिहिता येईल, किंवा अजिबात येणार नाही. आणि हे बंधन कोणत्या तारखेपर्यंत. शेवटची तारीख परीक्षेच्या शेवटच्या पेपरच्या पुढची आहे ना, ते दवाखान्यातून निघायच्या आधी बघा. "सहा आठवडे" असं मोघम लिहिलं असेल तर ते कधीपासून मोजायचे यावर वाद होतो.

खाली सही, शिक्का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हवा. प्रमाणपत्र फेब्रुवारीतलं जुनं नको, मार्चमधल्या तपासणीनंतरचं हवं. शाळेच्या परीक्षेला ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या खासगी डॉक्टरांचं चालतं, निदान आमच्याकडे तरी आम्ही अडवत नाही. पुढे बोर्डाशी गाठ असेल तर जिल्हा रुग्णालयाचं किंवा शासकीय डॉक्टरचं हाताशी असलेलं बरं.

पत्राचा नमुना मिळेल का?

हा घ्या. आपल्या उदाहरणातल्याच तारखा ठेवल्या आहेत.

दि. १० मार्च

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव), नाशिक.

विषय : वार्षिक परीक्षेसाठी लेखनिक व जादा वेळ मिळणेबाबत.
(विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, इयत्ता ९ वी, तुकडी, हजेरी क्रमांक)

महोदय,

माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता नववीत शिकत आहे. दि. १४ जानेवारी रोजी पतंगाच्या मांज्यामुळे त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनी व मधल्या बोटाचे टेंडन कापले गेले. दि. १५ जानेवारी रोजी शस्त्रक्रिया झाली. तो उजव्या हाताने लिहितो.

स्प्लिंट दि. २६ फेब्रुवारी रोजी काढले असून फिजिओथेरपी सुरू आहे. सोबत जोडलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार त्यास ३० एप्रिलपर्यंत उजव्या हाताने सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त लिहिण्यास मनाई आहे. शाळेत येण्यास व परीक्षेस बसण्यास डॉक्टरांची हरकत नाही.

तरी दि. ८ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वार्षिक परीक्षेसाठी पुढील परवानगी मिळावी, ही विनंती.

१. सर्व लेखी पेपरसाठी खालच्या इयत्तेतील लेखनिक, कारण त्यास स्वतः उत्तरे लिहिता येणार नाहीत.
२. प्रत्येक तासाला २० मिनिटे जादा वेळ, कारण उत्तरे सांगून लिहून घ्यावी लागतील.
३. स्वतंत्र खोलीत बसण्याची व्यवस्था, म्हणजे त्याच्या बोलण्याचा इतरांना त्रास होणार नाही.

भूमितीच्या रचना व विज्ञानाच्या आकृत्या लेखनिकाने विद्यार्थ्याच्या सूचनेप्रमाणे काढाव्यात की त्याबाबत वेगळी व्यवस्था असेल, हे कृपया कळवावे. शाळेकडून लेखनिक उपलब्ध होत नसल्यास आम्ही दोन नावे सुचवू शकतो. परीक्षेपूर्वी विद्यार्थी व लेखनिक यांना एकदा एकत्र सराव करू द्यावा, ही विनंती.

आपला/आपली विश्वासू,
(पालकाची सही, नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत : १. वैद्यकीय प्रमाणपत्र (दि. ७ मार्च), २. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स

एवढंच. एक पान पुरतं. मुलगा किती हुशार आहे, सहामाहीला किती टक्के होते, हात दुखावल्यापासून तो किती खचलाय, हे सगळं खरं असतं, पण त्यानं निर्णय बदलत नाही. उलट मुद्दा चौथ्या परिच्छेदात जातो आणि मुख्याध्यापक तिथपर्यंत पोचत नाहीत.

मांज्यानं कापलं हे लिहायचं का? नायलॉन मांजा होता.

नायलॉन मांज्यावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची देशभर बंदी आहे, त्यामुळे पालक बिचकतात आणि "काचेनं कापलं" असं लिहितात. डिस्चार्ज कार्डावर मात्र मांजा लिहिलेला असतो. जोडलेल्या दोन कागदांत दोन कारणं दिसली की विनाकारण संशय येतो. आहे ते तीन शब्दांत लिहा आणि पुढे जा. मांजा कुठून आणला हे परीक्षा विभागाला विचारायचं नसतं. पतंगांसाठी प्रसिद्ध असलेलं येवला ज्या जिल्ह्यात आहे तिथे राहून संक्रांतीला मुलगा गच्चीवर का होता, असा प्रश्न कुणी विचारणारही नाही.

पत्र कुणाला द्यायचं? वर्गशिक्षिकेला सांगितलंय, त्या "हो, बघू" म्हणाल्या.

वर्गशिक्षिकेला सांगणं चांगलंच, पण त्यांचं "बघू" म्हणजे परवानगी नव्हे. नववीची परीक्षा शाळेची असते आणि ही परवानगी मुख्याध्यापकांच्या सहीनं मिळते. पत्राच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात आवक नोंदवहीत नोंदवून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून हे होत नाही. वर्गाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. मुलाचे दवाखान्याचे कागद चाळीस घरांत जातात, आणि "आमच्याही बाळाचं मनगट दुखतं" अशी उत्तरं सुरू होतात.

किती आधी द्यायचं? परीक्षेच्या तीन-चार आठवडे आधी. एवढा वेळ कशाला, तर लेखनिक शोधायला. त्याचं पुढच्या प्रश्नात सांगते.

लेखनिक कोण असतो? तो आम्ही आणायचा की शाळेनं द्यायचा?

लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा, हा सर्वसाधारण दंडक. नववीच्या पेपरला नववीतलाच मित्र चालत नाही, कारण मग उत्तर कुणाचं हा प्रश्न येतो. ताई कॉलेजला आहे, तिचं अक्षर सुंदर आहे, म्हणून तिचं नाव सुचवलं तरी तेच उत्तर मिळेल.

आता अडचण बघा. खालची इयत्ता म्हणजे आठवी. आठवीचीही परीक्षा त्याच दिवसांत, बहुधा त्याच वेळी असते! पालक शेजारच्या आठवीतल्या मुलीचं नाव देतात, सगळे खूश, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी लक्षात येतं की अकरा वाजता तिचाही इतिहास आहे. म्हणून नाव देताना तिचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. ज्या शाळा दोन सत्रांत भरतात तिथे दुपारी पेपर असलेल्या वर्गाला सकाळच्या सत्रातलं मूल मिळू शकतं. नाहीतर सातवीतलं चांगल्या अक्षराचं मूल घ्यावं. एक लेखनिक सगळ्या पेपरना मिळेलच असं नाही. दोघांत पेपर वाटून घेतले तरी हरकत नाही, फक्त दोघांची नावं आधी शाळेत नोंदलेली हवीत.

लेखनिकाच्या आईवडिलांची लेखी संमती घ्या. त्यांचं मूल स्वतःच्या अभ्यासातला तीन-चार तासांचा वेळ देतंय. येण्याजाण्याची जबाबदारीही तुमची. सिडकोतून पंचवटीला एकटं मूल रिक्षानं पाठवायला कोण तयार होईल?

अक्षरापेक्षा दोन गोष्टी जास्त बघा. मूल ऐकलेलं तसंच्या तसं लिहितं का, आणि त्याचं माध्यम तेच आहे का. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पेपरात "अपवर्तनांक", "प्रकाशसंश्लेषण" हे शब्द इंग्रजी माध्यमातल्या मुलाला नीट लिहिता येत नाहीत, मग प्रत्येक शब्दाला अडतं. इंग्रजीच्या पेपरात मात्र उलटं होतं : सातवीतल्या मुलाला स्पेलिंग येत नाही, ते तुमच्या मुलानं अक्षर-अक्षर सांगायचं असतं. शुद्धलेखनाची जबाबदारी सांगणाऱ्याची.

परीक्षेआधी सराव करावा लागतो का?

करावाच. माझ्या मते पत्राइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि बहुतेक घरी ते होतच नाही. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सांगणारं मूल गोष्ट सांगितल्यासारखं सांगतं, विरामचिन्हं नाहीत, नवा परिच्छेद नाही. लेखनिक धावपळ करत पहिली दोन वाक्यं लिहितो आणि तिसरं सोडून देतो.

जुना एखादा पेपर घ्या आणि लेखनिकाबरोबर एक मोठं उत्तर करून बघा. मुलानं आधी प्रश्न क्रमांक सांगायचा, मग अर्धं-अर्धं वाक्य, "पूर्णविराम", "नवी ओळ", असं. लेखनिकानं लिहून झालं की मान हलवायची. मुलानं त्याच्या वहीकडे बघत राहायचं, खिडकीकडे नाही. दोन-तीन उत्तरांनंतर दोघांची लय बसते.

गणिताचा सराव वेगळा. समीकरण सांगताना "क्ष अधिक दोन भागिले तीन" म्हटलं तर भागाकार फक्त दोनाला की सगळ्याला? "कंसात क्ष अधिक दोन, कंस पूर्ण, छेदात तीन" असं सांगायची सवय लागते. भूमितीत "केंद्र ओ घे, त्रिज्या तीन सेंटीमीटर, वर्तुळ काढ, वर्तुळावर ए बिंदू" इतकं तपशिलात सांगावं लागतं. मनात चित्र असलं तरी शब्द सापडत नाहीत. ज्या मुलाचं गणित चांगलं असतं त्याचाच इथे जास्त वेळ जातो, कारण त्याला मधल्या पायऱ्या बोलायची सवय नसते.

काही उत्तरं त्यानं स्वतः लिहिली तर?

दहा मिनिटांची परवानगी असेल तर पर्याय निवडा, जोड्या लावा असे छोटे प्रश्न तो स्वतः करू शकतो, आणि मुलांना ते आवडतंही. पण मग एका उत्तरपत्रिकेत दोन अक्षरं येतात. पर्यवेक्षकानं तशी नोंद उत्तरपत्रिकेवर करून सही करायला हवी, आणि तुम्ही ते आधी शाळेला सांगायला हवं. नाहीतर तपासणाऱ्या शिक्षकांना ते खटकतं. आणि मुलाला घरी बजावून ठेवा की उत्साहात पुढचं लिहीत जायचं नाही. शिवलेला टेंडन पुन्हा तुटला तर दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते.

डाव्या हातानं लिहायची सवय लावली तर?

तीन महिन्यांत नाव आणि हजेरी क्रमांक लिहिण्यापुरती लागते. तीन तासांच्या पेपरपुरती नाही.

हा आमचा हक्क आहे ना? तसं पत्रात ठणकावून लिहू का?

इथे थोडं सावकाश. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाची अट काही लाभांसाठी आहे. पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितलं की लेखनिकाची सोय फक्त त्या चाळीस टक्क्यांवाल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

हे सगळं दिव्यांग व्यक्तींबद्दल आहे. दोन-तीन महिन्यांत बरी होणारी दुखापत आपोआप त्यात येत नाही. म्हणून पहिल्या पत्रात कलमं टाकू नका. टाकलीत तर शाळा संस्थेच्या वकिलाला विचारायला जाते आणि परीक्षा निघून जाते. डॉक्टरांचा कागद आणि नेमकी मागणी यावर बहुतेक मुख्याध्यापक सही करतात. बोटात कायमचा ताठरपणा राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. मग दिव्यांग प्रमाणपत्राची प्रक्रिया वेळेत सुरू करा, कारण पुढच्या वर्षी दहावी आहे.

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला हेच पत्र चालेल का?

मजकूर बराचसा हाच, वाट वेगळी. तिथे मुख्याध्यापक परवानगी देत नाहीत, ते तुमचा अर्ज शिफारशीसह नाशिक विभागीय मंडळाकडे पाठवतात. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे या मंडळाखाली येतात. अर्ज शाळेमार्फतच जातो. पालकानं थेट मंडळाच्या कार्यालयात जाऊन उभं राहण्यापेक्षा शाळेनं अर्ज कधी आणि कोणत्या जावक क्रमांकानं पाठवला हे विचारत राहावं. परवानगीचं पत्र आलं की त्याची एक प्रत परीक्षा केंद्राच्या केंद्रसंचालकांकडे पेपरच्या आधी पोचलीय ना, ते स्वतः बघा. केंद्र बहुधा दुसऱ्या शाळेत असतं आणि तिथल्या कुणाला तुमचं मूल माहीत नसतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हात मोडला तर? त्याच दिवशी मुख्याध्यापकांना फोन, त्याच दिवशी शासकीय डॉक्टरचं प्रमाणपत्र, आणि शाळेमार्फत मंडळाशी संपर्क. अशा वेळी खालच्या इयत्तेतला लेखनिक तुमच्या डोक्यात आधीच असेल तर निम्मं काम होतं.

मूल सीबीएसईच्या शाळेत असेल तर त्या मंडळाच्या नियमांप्रमाणे, शाळेमार्फतच अर्ज करावा लागतो. राज्य मंडळाचा नमुना तिथे जसाच्या तसा देऊ नका.

शाळेनं फक्त वेळ दिला, लेखनिक नाकारला. आता?

कारण लेखी मागा, नम्रपणे. "कारण कळल्यास डॉक्टरांना विचारून त्याप्रमाणे कागद आणतो," असं म्हणा. नकारामागे बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक, हातावर काही दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रमाणपत्रातलं "सलग दहा मिनिटं" हे वाक्य आणि, मुख्याध्यापक तयार असतील तर, मुलाला समोर बसवून एक परिच्छेद लिहायला लावणं. आठव्या-नवव्या ओळीला अक्षर बोलायला लागतं. दुसरी गोष्ट, माणसं नाहीत. वेगळी खोली म्हणजे वेगळा पर्यवेक्षक, आणि तोही एक तास जास्त थांबणारा. तिथे तुम्ही वाटाघाट करू शकता : वेगळ्या खोलीऐवजी वाचनालयाचा कोपरा चालेल, लेखनिक आम्ही आणू, ४० गुणांचे पेपर इतरांबरोबरच सुरू करून चाळीस मिनिटं पुढे चालवू.

तरीही नाहीच म्हणाले तर संस्थेच्या कार्यालयाकडे, आणि मग जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सोबत आवक शिक्क्याची तुमची प्रत जोडा. ती नसेल तर पहिलं पत्र दिलंच नव्हतं असं धरलं जातं.

परीक्षा चालू असताना हात सुजला किंवा लेखनिक आजारी पडला तर?

सूज, बोट अचानक न वाकणं, "काहीतरी तुटल्यासारखं" वाटणं, यातलं काही झालं तर पेपर तिथेच थांबवून दवाखान्यात न्या. पर्यवेक्षकाकडून वेळेची नोंद तेवढी करून घ्या. शाळेच्या परीक्षेत त्या विषयाची पुन्हा परीक्षा घ्यायची की नाही, हे नंतर मुख्याध्यापकांशी बोलता येतं.

लेखनिकासाठी दुसरं नाव आधीच नोंदवून ठेवा आणि त्या मुलाला परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत फोन लागेल अशी व्यवस्था ठेवा. एप्रिलमध्ये मुलं उन्हानं पटकन आजारी पडतात.